टक्के येतात कुठून?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर 50 किंवा 75 टक्के असा आकडा असतो. बहुतेक आईवडील समजतात की तो बुद्ध्यांकावरून, म्हणजे आयक्यूवरून, काढलेला आहे. तसं नसतं. अर्जासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा जो रिपोर्ट जोडतात, त्यात आयक्यू असतो खरा. पण त्याचं काम निदान पक्कं करण्यापुरतं. टक्के ठरतात ते मूल रोजच्या जगण्यात स्वतःचं किती करतं यावरून, आणि ती माहिती येते मुख्यतः आईच्या तोंडून.

एक उदाहरण घेऊ. मुलगा आठ वर्षं चार महिन्यांचा, म्हणजे शंभर महिन्यांचा. दुसरीत आहे, अक्षरं ओळखतो, पण शब्द जुळवता येत नाहीत. कान तपासून झालेत, ऐकू नीट येतं. आधी त्याची बिने-कामत चाचणी होते. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली होती, त्यामुळे आपल्याकडच्या मुलाला ती परकी वाटत नाही. (जे मूल बोलतच नाही त्याला लाकडी पाटातल्या खाचांत आकार बसवायला देतात, रिपोर्टमध्ये त्याचं नाव सेगँ फॉर्म बोर्ड असं येतं.) आपल्या मुलाचा आयक्यू येतो 52.

मग त्याला बाहेर खेळायला पाठवून सायकॉलॉजिस्ट आईशी बोलायला बसतात. समोर व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनाचा तक्ता असतो. याची भारतीय आवृत्ती नागपूरला काम करणाऱ्या मालिन यांनी केली. त्यात 89 बाबी आहेत: हात धुतो का, बटणं लावतो का, एकटा आंघोळ करतो का, गल्लीत एकटा फिरतो का, दुकानातून किरकोळ वस्तू आणतो का.

इथेच गडबड होते. “आंघोळ करतो का?” असं विचारलं की आई म्हणते, “हो, करतो की.” अनुभवी सायकॉलॉजिस्ट तिथे थांबत नाहीत. पाणी कोण काढून देतं? साबण कोण लावतं? डोक्यावरून पाणी कोण घालतं? तेव्हा कळतं की मुलगा बादलीजवळ बसतो, बाकी सगळं आई करते. ती खोटं बोललेली नसते. आठ वर्षं तिच्या हातांना इतकी सवय झालीय की आपली मदत तिला दिसतच नाही. उलटही घडतं. प्रमाणपत्र मिळावं म्हणून कुणी सगळ्यालाच “नाही” म्हणतं, आणि तेवढ्यात मुलगा स्वतः चपला घालून, दाराची कडी काढून बाहेर जातो. चांगल्या रिपोर्टमध्ये ‘वर्तन निरीक्षण’ हा परिच्छेद याचसाठी असतो. तो एका ओळीत उरकलेला असेल तर रिपोर्ट कच्चा समजावा.

खोदून विचारल्यावर या मुलाचं सामाजिक वय येतं 50 महिने. त्याला खऱ्या वयाने, शंभराने, भागून शंभराने गुणलं की सामाजिक गुणांक 50. केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांतल्या तक्त्यात 36 ते 54 म्हणजे मध्यम, 75 टक्के. 55 ते 69 म्हणजे सौम्य, 50 टक्के. आईचा पहिला “हो” आणि तसेच आणखी काही “हो” जसेच्या तसे धरले असते, तर सामाजिक वय 58 महिन्यांवर जाऊन हाच मुलगा 50 टक्क्यांत बसला असता. (या सूचना 2024मध्ये सुधारल्या आहेत, म्हणून अर्ज करताना चालू तक्ता पाहावा.)

या तक्त्यातली खरी अवघड जागा मात्र 70ची आहे. गुणांक 69 असेल तर 50 टक्के, 70 झाला की एकदम 25. सवलतींसाठी कायद्याला किमान 40 टक्के लागतात, आणि हा आकडा या तक्त्यात कुठेच नाही. म्हणून आयक्यू 65 असूनही घरकामात तरबेज झालेली मुलगी 25 टक्क्यांवर अडकू शकते. तिच्या आईने घेतलेल्या कष्टांचं हे फळ म्हणायचं की शिक्षा, हे मला अजून उमगलेलं नाही.

स्वमग्नतेचं मोजमाप वेगळं आहे. त्यासाठी ‘इसा’ ही भारतीय श्रेणी वापरतात: चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली स्वमग्नता धरत नाहीत. बरोबर सत्तर आले तर 40 टक्के, पुढे गुणांबरोबर टक्के पायरीपायरीने चढतात. त्यामुळे मुलाला स्वमग्नता आहे की बौद्धिक अक्षमता की दोन्ही, हे रिपोर्टच्या निष्कर्षात स्वच्छ लिहिलेलं हवं. ‘स्वमग्नतेची लक्षणे दिसतात’ एवढंच लिहून श्रेणीचे गुण दिले नसतील, तर वैद्यकीय मंडळाला टक्के मांडायला आधार उरत नाही आणि कुटुंबाला सिव्हिलचा आणखी एक हेलपाटा पडतो.

रिपोर्ट हातात आला की जन्मतारीख, चाचणीची तारीख, माहिती कुणी दिली, सामाजिक वय आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक तिथल्या तिथे पाहून घ्यावा. जन्मतारीख चुकली की भागाकारच चुकतो. आणि मूळ प्रत मंडळाकडे देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवावी. 2018च्या सूचनांप्रमाणे पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी प्रमाणपत्राचं नूतनीकरण असतं. दर वेळी मुलाची तपासणी नव्याने होते, आणि मधल्या काळात मूल काय शिकलं हे सांगणारा जुना कागद तेव्हा घरातच असावा लागतो.