आणखी काही आणू का?

नागपूरहून उत्तरेकडे निघालेली वाट सावनेरला येऊन दुभंगते. एक फाटा सौंसरवरून छिंदवाड्याकडे जातो, तर दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूल-भोपाळकडे. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या दोन्ही वाटांवर लहानमोठ्या खानावळी, ढाबे आणि चहा-नाश्त्याची हॉटेले आहेत. शाळा संपली, शेतीत सर्वांना पुरेसे काम नाही, म्हणून आपल्या खेड्यांतील कित्येक मुलांची पहिली नोकरी येथेच सुरू होते. पहिल्या दिवशी मुलास टेबल पुसणे, पाणी ठेवणे व ताटे उचलणे शिकवितात. दुसऱ्या दिवशी गल्ल्यावरून हुकूम सुटतो, “प्रत्येक टेबलावर एखादी वस्तू जास्त खपली पाहिजे!” ती कशी खपवावी, हे मात्र कोणी शिकवीत नाही.

न शिकविल्याचा परिणाम काय होतो, तो आम्ही एका दुपारी शेजारच्या टेबलावरून पाहिला. एक शेतकरी पत्नी व लहान मुलासह जेवावयास बसला होता. नव्या वेटरने त्याला विचारले नाही, मुलाला विचारले, “गुलाबजाम खाणार ना?” मूल हो म्हणाले. बापाने खिशावर हात ठेवला, क्षणभर थांबला आणि मान हलविली. पुढे त्याने स्वतःसाठी सांगितलेली दुसरी भाकर परत घ्यावयास लावली. गल्ल्यात गुलाबजामाचे पैसे आले, भाकरीचे गेले. आणि आपल्या मुलादेखत पैसे मोजण्याची वेळ ज्याच्यावर आली, तो माणूस त्या खानावळीत पुन्हा पाऊल टाकील असे आम्हांस वाटत नाही. मुलगा वाईट नव्हता. त्याला सुचविणे आणि गळ्यात मारणे यांतला भेद कोणी दाखविला नव्हता, इतकेच.

हा भेद पाळावयाचा तर आरंभ टेबलापाशी नव्हे, स्वयंपाकघरात होतो. वेटरने रोज सकाळी आचाऱ्याला विचारून दोनच पदार्थ मनात धरावेत. अधिक धरले तर तो पाठ म्हटल्यासारखे बोलू लागतो. त्या दोन पदार्थांविषयी चार गोष्टी त्याला ठाऊक हव्यात: भाव किती, एका प्लेटमध्ये किती जणांचे भागते, तयार व्हावयास किती वेळ लागतो, आणि त्यात तिखट, कांदा-लसूण किंवा अंडे आहे काय. शक्य तर मालकाने त्याला तो पदार्थ चमचाभर चाखावयास द्यावा. ज्याने पाटवडीचा रस्सा कधी जिभेवर ठेवला नाही, तो “फार छान आहे” यापलीकडे काय सांगणार? चाखलेला मुलगा सांगतो, “रस्सा झणझणीत आहे, वडी मऊ आहे, एक प्लेट दोघांना पुरते.” गिऱ्हाइकाला याच माहितीची गरज असते.

त्यानंतर वेळेचा प्रश्न. गिऱ्हाईक बसताच सुचविणे म्हणजे त्याचा विचार मध्येच तोडणे होय. जेवण अर्धे झाल्यावर पुन्हा पुन्हा येऊन विचारणे म्हणजे त्याला हुसकावल्यासारखे होते. योग्य क्षण एकच आहे. गिऱ्हाइकाने मागणी सांगितली, वेटरने ती शब्दशः परत म्हणून दाखविली, की लगेच एक वाक्य बोलावे. मागणी परत म्हटल्याने चूक टळते, आणि ताटात काय उणे आहे हे वेटरलाही कळते. कोरडा झुणका असेल तर ताक सुचवावे. दोघांनी मिळून एकच भाजी सांगितली असेल तर तीच पुरेशी आहे की नाही, हे खरेपणाने सांगावे. जेथे काही उणे नाही, तेथे काही सुचवू नये.

वाक्यात तीन गोष्टी असाव्यात: पदार्थाचे नाव, तो का सुचविला त्याचे कारण, आणि भाव. भाव आधीच सांगितला म्हणजे गिऱ्हाइकास तो विचारण्याचा संकोच उरत नाही, आणि बिल पाहून त्याचा चेहरा उतरत नाही. त्यानंतर वेटरने गप्प राहावे. पहिला नकार हाच अखेरचा समजावा. गिऱ्हाईक बोलले नाही, नुसते पत्नीकडे पाहिले किंवा “बघू” म्हणाले, तरी तो नकारच होय.

फ्रान्समधील गेगाँ व पास्क्वाल या दोन संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रस्त्यावरील अनोळखी माणसांकडे बसच्या भाड्यासाठी पैसे मागताना “द्यावे की न द्यावे, हे आपल्या मर्जीवर आहे” एवढे शब्द जोडले, तेव्हा देणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळच वाढले. नकाराची वाट मोकळी ठेवली म्हणजे माणूस बिचकत नाही. तथापि हे शब्द युक्ती म्हणून वापरावयाचे नाहीत. “नको असले तरी चालेल” असे म्हणून वेटर टेबलाशी वही उघडून उभाच राहिला, तर त्याचे उभे राहणे त्याच्या शब्दांना खोटे पाडते.

न मागता पापड आणून ठेवणे, पाण्याची बाटली फोडून टेबलावर मांडणे, किंवा “साधे ताक की मसाला ताक?” असे विचारून नाही म्हणण्याची जागाच न ठेवणे, याला सुचविणे म्हणत नाहीत. बिलात न मागितलेली रक्कम येऊ नये, या तत्त्वाला कायद्याचेही पाठबळ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी हॉटेलांना सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते निर्देश कायम ठेवले.

हे सर्व नुसते सांगून मुलाच्या अंगी येत नाही. ते करवून घ्यावे लागते. दुपारची गर्दी सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात. तीन जण लागतात: एक वेटर, एक गिऱ्हाईक आणि एक पाहणारा. गिऱ्हाईक होणाऱ्याने एक चिठ्ठी उचलावी व ती वेटरला दाखवू नये. चिठ्ठ्यांवर असे लिहावे: “खिशात तीनशे चाळीसच रुपये आहेत”, “बस दहा मिनिटांत सुटणार”, “जामसावळीच्या हनुमानाचे दर्शन घेऊन आलो, आज शनिवारचा उपास”, “भूक मोठी, पण येथील पदार्थ ठाऊक नाहीत”. पाहणाऱ्याने बोलू नये. वेटरने किती वेळा सुचविले, भाव सांगितला काय, आणि नकारानंतर तो काय बोलला, एवढेच टिपावे. पहिल्या चिठ्ठीचा प्रवेश आम्ही येथे देतो. भाव उदाहरणादाखल धरले आहेत.

वेटर: या काकाजी, बसा. पाणी ठेवतो. काय आणू?

गिऱ्हाईक: तीन झुणका-भाकर थाळ्या आणा. मुलाला एक वरणभात.

वेटर: तीन झुणका-भाकर थाळ्या, एक वरणभात. काकाजी, आमचा झुणका जरा तिखट असतो. सोबत ताक हवे असेल तर आहे, ग्लासाला वीस रुपये. नको असले तरी चालेल. थाळीत कांदा-लिंबू आहेच.

गिऱ्हाईक: (पत्नीकडे पाहून) राहू द्या.

वेटर: बरे. दहा मिनिटांत आणतो. (लगेच निघतो.)

मूल: (ताटे आल्यावर) बाबा, मला गुलाबजाम!

(वेटर मुलाकडे पाहून हसतो, बोलत काही नाही. वडिलांनी विचारले तरच उत्तर देतो.)

गिऱ्हाईक: केवढ्याला आहे हो?

वेटर: एक नग पंधरा रुपये, काकाजी.

गिऱ्हाईक: मग एकच आणा.

वेटर: एक गुलाबजाम. आणतो.

आता हिशेब पाहू. थाळी नव्वद रुपये धरली तर तिन्हींचे दोनशे सत्तर, वरणभाताचे पन्नास, म्हणजे तीनशे वीस झाले. खिशात उरले वीस. चौघांसाठी ताक सांगितले असते तर ऐंशी रुपये वाढून गिऱ्हाईक अडचणीत आले असते. वेटरला चिठ्ठी ठाऊक नव्हती. परंतु भाव आधी कळल्यामुळे गिऱ्हाइकाने आपल्या ऐपतीत बसणारी वस्तू स्वतः निवडली. प्रवेश संपल्यावर चिठ्ठी उघडून वाचावी आणि मुलांनी जागा बदलाव्यात. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून लाज अनुभवलेला मुलगा पुढे कोणाला गळ घालीत नाही.

दुसऱ्या चिठ्ठीत, बस सुटावयाची असताना, उत्तम सुचविणे म्हणजे काहीच न सुचविणे. फार तर “थाळीला दहा मिनिटे लागतील, पोहे तयार आहेत” एवढे सांगावे, मग बिल कमी झाले तरी चालेल. उपासाच्या चिठ्ठीत आधी विचारावे, “उपासाचे पाहिजे काय?” आणि साबुदाण्याची खिचडी असेल तर तेवढीच सांगावी. चौथ्या चिठ्ठीतील गिऱ्हाईक जास्त मागवील, त्याला थांबवावे: “भाऊ, दोन भाज्या चौघांना पुरतील. लागली तर तिसरी मागून सांगा.” जो वेटर एकदा कमी घ्या म्हणतो, त्याचे पुढचे सुचविणे लोक विश्वासाने ऐकतात.

मालकाने यश कशाने मोजावे? नुसत्या बिलाच्या रकमेने मोजू नये. गल्ल्याजवळ एका वहीत आठवडाभर तीन रकाने ठेवावेत: सुचविले, घेतले, ताटात उरले. समजा, वीस टेबलांवर ताक सुचविले, सहांनी घेतले, एकानेही टाकले नाही. हे चांगले लक्षण आहे. वीसपैकी अठरांनी घेतले आणि पाच-सहा ग्लास अर्धे उरले, तर आनंद मानू नये. तेथे बहुधा दबाव पडत आहे. एकानेही घेतले नाही, तर पदार्थ चुकला आहे किंवा वेळ चुकली आहे. मुलाला दर पदार्थामागे बक्षीस ठेवले, तर वहीतला तिसरा रकाना लवकर भरू लागतो, हेही मालकाने ध्यानात ठेवावे.

ज्या घरांतील मुले या कामाला निघाली आहेत, त्या आईबापांनी वरचा प्रवेश ओसरीवर एकदा करून पाहण्यास हरकत नाही. वडील गिऱ्हाईक होवोत, बहीण पाहणारी होवो. मुलाने नकार ऐकून “बरे” म्हटले आणि पाठ फिरविली, की त्याची तयारी झाली असे समजावे.