किती पानं उठली?

लग्न, मुंज, कंपनीचा वार्षिक मेळावा, शोरूमचं उद्घाटन अशी कामं हल्ली सर्रास इव्हेंट मॅनेजरकडे सोपवली जातात. पहिल्याच भेटीत तो आपलं प्रोफाइल पुढे ठेवतो. त्यात बहुधा चार आकडे ठळक छापलेले असतात: 200 कार्यक्रम, 2 कोटींचं बजेट, 10 हजारांची उपस्थिती, 98 टक्के समाधानी ग्राहक. हे सगळे आकडे खरेही असतील. पण कोणता आकडा काय मोजून आला हे लिहिलं नसेल, तर त्यांच्या भरवशावर घरचं कार्य कुणाच्या हाती देता येत नाही.

बजेटचंच बघा. समजा, नाशिकच्या एका कुटुंबाने एका दिवसाचं लग्न मॅनेजरकडे दिलं. मान्य झालेला अंदाज असा: नाश्ता आणि जेवण 5 लाख 5 हजार, कार्यालय अडीच लाख, सजावट 3 लाख 20 हजार, साऊंड-लाईट-जनरेटर 1 लाख 10 हजार, फोटो-व्हिडिओ 1 लाख 60 हजार, किरकोळ 95 हजार. बेरीज 14 लाख 40 हजार. त्यावर 10 टक्के फी, म्हणजे 1 लाख 44 हजार. कर सोडून एकूण 15 लाख 84 हजार.

अशी 12 लग्नं वर्षात केली की मॅनेजर सहज लिहितो, ‘वार्षिक बजेट 1 कोटी 90 लाख’. हे खोटं नाही. पण यातली त्याची कमाई साधारण 17 लाखांची, बाकीचे पैसे यजमानाकडून केटरर-डेकोरेटरकडे गेलेले. म्हणून प्रोफाइलमध्ये ‘हाताळलेला खर्च’ आणि ‘आमची फी’ या दोन वेगळ्या ओळी हव्यात. ताळा करायची एक सोपी सोय आहे. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. सगळी बिलं स्वतःच्या नावाने काढतो आणि उलाढाल कोटींत आहे असं म्हणणाऱ्याच्या कोटेशनवर जीएसटी क्रमांक नसेल, तर तिथेच थांबून विचारावं. काही मॅनेजर केटररकडून, फुलवाल्याकडून कमिशनही घेतात. घेत असतील तर त्यांनी ते आधी सांगावं, असं माझं ठाम मत आहे. फी कमी दाखवून कमिशनवर काम करणाऱ्याला स्वस्तातला चांगला केटरर सुचवण्यात रस उरत नाही.

एकूण बजेटपेक्षाही महत्त्वाचा आकडा म्हणजे अंदाज आणि अंतिम बिल यांतला फरक. वरच्या लग्नात जेवणाची 700 ताटं ठरली होती, 650 रुपये दराने. प्रत्यक्षात 762 लागली, म्हणजे 40 हजार 300 रुपये वाढले. मुलीच्या मावशीने आदल्या दिवशी स्टेजची फुलं बदलायला सांगितली, त्याचे 18 हजार. शेवटचं बिल 16 लाख 42 हजार 300. वाढ 58 हजार 300, सुमारे 3.7 टक्के. प्रोफाइलमध्ये ही वाढ कारणासह लिहिणारा मॅनेजर मला ‘कायम बजेटमध्येच’ असं छापणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

उपस्थितीचा हिशोब सगळ्यात नाजूक. ‘किती पानं उठली’ हा आपल्याकडचा जुना प्रश्न. पंगत होती तेव्हा एका पंगतीची पानं गुणिले पंगती, की उत्तर हाती यायचं. बुफेत तसं नाही. एकच माणूस दुसऱ्यांदा येताना नवी प्लेट घेतो, लहान मूल आईच्या प्लेटमध्ये जेवतं. केटररचं बिल मात्र प्लेटवर लागतं, आणि ठरलेल्या ताटांहून कमी माणसं आली तरी ठरलेल्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात.

म्हणून जाणता मॅनेजर जेवण सुरू होण्याआधी स्वच्छ प्लेटांच्या थप्प्या मोजून घेतो. धुऊन परत आलेल्या प्लेटा सरळ टेबलावर जाऊ न देता मोजून लावतो, कारण गफलत नेमकी तिथे होते. जेवणं आटोपल्यावर उरलेल्या स्वच्छ प्लेटा वजा होतात. केटररचा माणूस आणि घरचा एखादा काका दोघेही तिथेच उभे असतात आणि चिठ्ठीवर दोघांची सही होते. रात्री बिलाच्या वेळी होणारा वाद या एका चिठ्ठीने टळतो. आपल्या लग्नातल्या 762 ताटांपैकी 48 फोटोग्राफर, ड्रायव्हर, बँडवाले आणि मांडवाच्या मुलांची. उरली 714. म्हणून प्रोफाइलमध्ये लिहावं, ‘पाहुणे सुमारे 700, ताटांच्या मोजणीवरून’. हजार लिहिण्याचा मोह टाळावा.

मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात ताटं नसतात. तिथे जागेवरून अंदाज बांधतात. अमेरिकेत हर्बर्ट जेकब्स या पत्रकारितेच्या प्राध्यापकाने रूढ केलेला आडाखा अजूनही वापरात आहे: सैल गर्दीत माणशी 10 चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. 100 बाय 150 फुटांचं मैदान 15 हजार चौरस फुटांचं. दाट गर्दीतही तिथे 3 हजार 300च्या आसपास माणसं उभी राहतील, स्टेज आणि वाटा सोडल्या तर आणखी कमी. अशा मैदानावर एका वेळी 10 हजार लोक होते असं कुणी सांगितलं, तर ते शक्यच नाही.

व्हेंडरच्या बाबतीत ‘100 व्हेंडरचं जाळं’ या शब्दांना फारसा अर्थ नाही. एका कामात किती जण होते, लेखी ऑर्डर किती जणांशी होती, पैसे कसे दिले हे सांगावं. उदाहरणार्थ: 9 व्हेंडर, लेखी ऑर्डर 7 जणांची, 40 टक्के ॲडव्हान्स, 50 टक्के आदल्या दिवशी, उरलेले काम झाल्यावर आठवड्याच्या आत. आणि एखादा बिघाडही लिहावा. साऊंडवाला 50 मिनिटं उशिरा पोचला, तोवर कार्यालयाच्या छोट्या स्पीकरवर मंगलाष्टकं झाली, मुहूर्त चुकला नाही. संकटात हा माणूस काय करतो ते अशा नोंदीतून कळतं. पैसे वेळेवर देतो का, हे मात्र त्याच्या केटररला फोन करूनच कळेल. ज्याचे पैसे अडकतात त्याची चांगली माणसं पुढच्या मुहूर्ताला दुसरीकडे जातात.

राहिला अभिप्राय. वर्षात 12 कामं करणाऱ्याला 98 टक्के समाधान मिळूच शकत नाही. एकजण जरी नाराज असला तरी आकडा 92च्या खाली येतो. 98 लिहायला निदान 50 उत्तरं हवीत. तेव्हा असं लिहिणं बरं: 12 जणांना विचारलं, 9 जणांनी उत्तर दिलं, 7 जण पुन्हा काम देतील, दोघांची तक्रार जेवणाच्या रांगेची. विचारावं तेही बिल चुकतं झाल्यावर आठ-दहा दिवसांनी. मांडवात, हार घालताना मिळालेलं कौतुक यात धरू नये. कामातली आपली भूमिकाही स्पष्ट हवी. दुसऱ्या कंपनीच्या हाताखाली पार्किंग सांभाळलं असेल तर तेवढंच लिहावं.

तुमच्या घरी कार्य असेल तर मॅनेजरकडे मागच्या तीन कामांचे कागद मागा: मान्य झालेला अंदाज, अंतिम बिल आणि ताटांची सही केलेली चिठ्ठी. नावं झाकून दाखवली तरी चालेल. जो हे कागद दाखवू शकत नाही, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.