पन्नास अधिक वीस म्हणजे सत्तर नव्हे

दिवाळीच्या आधी कापडदुकानांवर ‘५० टक्के + २० टक्के सूट’ अशी पाटी झळकते. मन लगेच बेरीज करतं: सत्तर टक्के! म्हणजे २००० रुपयांची साडी ६०० रुपयांत. बिल मात्र ८०० रुपयांचं येतं, आणि त्यात दुकानदाराची लबाडी नसते. पहिल्या सुटीनंतर किंमत १००० झाली. पुढचे वीस टक्के या १००० वर मोजायचे, म्हणजे २०० रुपये. एकूण सूट साठ टक्केच. सुटींचा क्रम उलटा केला तरी उत्तर तेच येतं, कारण आपण २००० ला ०.५ आणि ०.८ ने गुणतो.

खरी गंमत नफा-तोट्यात आहे. एका दुकानदाराने दोन साड्या प्रत्येकी १२०० रुपयांना विकल्या. एकीवर २० टक्के नफा, दुसरीवर २० टक्के तोटा. फिटंफाट झाली, असं वाटतं. पण नफा-तोटा खरेदी किमतीवर मोजतात. पहिलीची खरेदी १२०० भागिले १.२, म्हणजे १००० रुपये. दुसरीची १२०० भागिले ०.८, म्हणजे १५००. गुंतवले २५००, मिळाले २४००. शंभर रुपये, म्हणजे चार टक्के तोटा. नफा लहान रकमेवर झाला, तोटा मोठ्या रकमेवर.

स्पर्धा परीक्षेत हे गणित हमखास येतं, आणि पर्यायांत ‘ना नफा ना तोटा’ हाही बहुधा असतोच. टक्के दिसले की आधी विचारा: कशाचे?