सरासरीने उठवलेली लाट

विसरवाडीत आमच्या शेजारची मुलगी गेल्या वर्षी बारावी वाणिज्यला होती. कालश्रेणीच्या धड्यातले चल सरासरीचे गणित घेऊन ती माझ्याकडे आली. तीन-तीन आकड्यांची सरासरी काढायची, मग पहिला सोडून पुढचा घ्यायचा. तिची वही पाहताना मला माझी जुनी चूक आठवली. पावसाच्या वार्षिक आकड्यांची अशीच सरासरी काढून मी एक लाट शोधली होती आणि ‘आता कोरडी वर्षे येणार’ असे सांगून एका शेतकऱ्याला भात लावण्यापासून परावृत्त केले होते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला.

चूक कुठे होती, ते त्या मुलीसोबत तपासले. 1 ते 6 हे आकडे प्रत्येकी दोन चिठ्ठ्यांवर लिहून आम्ही एकेक चिठ्ठी उचलली. क्रम आला: 2, 5, 6, 1, 3, 4, 6, 5, 1, 2, 4, 3. यात कोणतेही चक्र नाही. मग तीन-तीनांच्या बेरजा केल्या: 13, 12, 10, 8, 13, 15, 12, 8, 7, 9. प्रत्येकीला तीनने भागले की सरासरी मिळते, चढउतार तेच राहतात. आकडे 8 पर्यंत उतरतात, 15 पर्यंत चढतात, पुन्हा 7 पर्यंत खाली येतात. लाट दिसू लागली!

एखादी संख्या आपल्या मागच्या संख्येशी किती बांधलेली आहे, ते स्वसहसंबंध सांगतो. प्रत्येक संख्येतून सरासरी वजा करायची, शेजारशेजारच्या फरकांचे गुणाकार करून बेरीज घ्यायची आणि तिला फरकांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. मूळ चिठ्ठ्यांसाठी हे उत्तर 0.25 भागिले 35, म्हणजे जवळजवळ शून्य आले. बेरजांसाठी ते 0.41 आले.

हे नाते आले कुठून? 13 मध्ये 2, 5, 6 आहेत आणि 12 मध्ये 5, 6, 1. तीनपैकी दोन आकडे सामाईक आहेत. म्हणूनच लांबलचक यादृच्छिक श्रेणीत शेजारच्या सरासऱ्यांचा स्वसहसंबंध दोन तृतीयांशाकडे जातो, एक सोडून पुढचीशी एक तृतीयांशाकडे, आणि तीन घरे दूर गेले की शून्याकडे. 1927 साली रशियाच्या येवगेनी स्लुत्स्की यांनी सरकारी लॉटरीच्या आकड्यांची अशीच बेरीज करून व्यापारातील तेजी-मंदीसारख्या लाटा काढून दाखवल्या होत्या.

म्हणून स्वसहसंबंध मूळ आकड्यांवरच तपासावा, सरासरी नंतर काढावी. तिथेही सबुरी हवी. बारा वर्षांच्या नोंदीत साधारण 0.58 पर्यंतचे उत्तर निव्वळ योगायोगानेही येऊ शकते. चल सरासरी दीर्घकालीन कल डोळ्यांना दाखवते, पुढच्या वर्षीचा पाऊस सांगत नाही.

मुलीने वहीत सरासरीच्या आलेखाखाली मूळ आकड्यांचाही आलेख काढला. मी मात्र त्या शेतकऱ्याकडे जाऊन माझी चूक सांगितली.