तांब्याच्या वजनातली गफलत

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या सोडून वीज सोडली की धनाग्राचं तांबं झिजतं आणि ऋणाग्रावर तेवढंच साचतं. मायकेल फॅरडेने १८३०च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार किती तांबं हलणार हे फक्त विद्युतप्रभारावर ठरतं. तांब्याचा एक अणू हलवायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. ६३.५ ग्रॅम तांब्यासाठी सुमारे १,९३,००० कूलोम प्रभार लागतो.

एक नमुना घेऊ. अर्धा अँपिअर प्रवाह तीस मिनिटं वाहिला, म्हणजे ९०० कूलोम. त्यातून ०.२९६ ग्रॅम तांबं हलायला हवं. समजा, तराजू सांगतो की ऋणाग्र ०.२८४ ग्रॅमने वाढलं आणि धनाग्र ०.३०९ ग्रॅमने घटलं. एकीकडे चार टक्के कमी, दुसरीकडे चार टक्के जास्त.

पहिला संशय अ‍ॅमीटरवर जातो. पण अ‍ॅमीटर चुकत असता, किंवा द्रावण तापून प्रवाह हळूहळू वाढला असता, तर दोन्ही पट्ट्यांचा आकडा एकाच दिशेला सरकला असता. इथे ते उलट दिशांना गेलेत, म्हणजे चूक विजेच्या मोजमापात नाही, तांब्याच्या हाताळणीत आहे.

धनाग्राजवळ बघा. भांड्याच्या तळाशी लालसर भुकटी दिसते. ही पट्टीतून सुटलेल्या कणांची असते. शिवाय काही अणू दोनऐवजी एकच इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतात, त्यामुळे तेवढ्याच प्रभारात जास्त तांबं सुटतं. असे दोन आयन एकत्र आले की त्यातला एक पुन्हा तांब्याचा कण बनतो आणि तोही तळाशी बसतो. ऋणाग्रावर मात्र प्रवाह जास्त असेल तर थर गडद, भुसभुशीत बसतो आणि धुताना निसटतो. आम्लयुक्त द्रावणात हवेतला ऑक्सिजनही साचलेलं तांबं थोडं थोडं विरघळवतो. पट्टी आचेवर वाळवली तर काळसर ऑक्साइड चढतो आणि वजन उलट वाढतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटरने हळूच धुऊन, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून हवेत वाळवणं बरं.

तराजूचीही मर्यादा असते. ०.०१ ग्रॅमपर्यंतच अचूक असलेल्या तराजूवर दोन वजनांतली चूक मिळून ०.०२ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते, म्हणजे जवळपास सात टक्के. अशा तराजूवर वरचा चार टक्क्यांचा फरक दिसलाच, तरी त्यावरून काही सिद्ध होणार नाही. आधी मिलिग्रॅम दाखवणारा तराजू मिळवावा किंवा प्रयोग जास्त वेळ चालवावा. पट्टीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दहा-वीस मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये. थर घट्ट, गुलाबी बसतो.

आणि दोन आकड्यांची सरासरी काढून जर्नलमध्ये लिहू नका. इथली सरासरी ०.२९६५ येते, अगदी पुस्तकातल्यासारखी, आणि दोन्ही चुका त्यात लपून जातात.