बँकेतील ठेव नेमकी कोठे असते?

‘ठेव’ हा शब्द थोडा फसवा आहे. ठेव म्हणजे विश्वासाने कोणाकडे ठेवलेली आणि मागताच तशीच परत मिळणारी वस्तू, असा त्याचा जुना अर्थ आपल्या मनात रुजलेला असतो. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेल्या दागिन्यांना तो तंतोतंत लागू पडतो. ते दागिने आपलेच राहतात आणि बँक त्यांना हात लावू शकत नाही. बचत खात्यात भरलेल्या पैशाचे मात्र तसे नाही. तो पैसा भरताक्षणी बँकेच्या मालकीचा होतो आणि आपल्या हाती उरते ते बँकेकडून असलेले येणे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1848 साली ‘फोली विरुद्ध हिल’ या खटल्यात हेच सांगितले होते: बँक ही ठेवीदाराची विश्वस्त नसून ऋणको आहे. जमा-नावे जाणणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याने बँकेचा ताळेबंद उघडून पाहावा. आपल्या ठेवी तेथे ‘देणी’ या बाजूला दिसतील आणि तिने दिलेली कर्जे ‘मालमत्ता’ या बाजूला.

मग भरलेला पैसा जातो कोठे? एका गृहिणीने आपल्या बँकेत 1,00,000 रुपये भरले असे धरू. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 42 नुसार प्रत्येक बँकेला आपल्या ठेवींचा काही भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो. यालाच रोख राखीव प्रमाण किंवा सीआरआर म्हणतात. हे प्रमाण टप्प्याटप्प्याने 4 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणण्याचे रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये जाहीर केले. 3 टक्क्यांच्या हिशेबाने 3,000 रुपये तिकडे गेले. या रकमेवर बँकेला व्याज मिळत नाही. याशिवाय ठेवींच्या 18 टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावी लागते. हे एसएलआर. म्हणजे आणखी 18,000 गेले. उरलेले 79,000 रुपये बँक कर्जाऊ देऊ शकते.

हे 79,000 एका तरुणाने दुकानाच्या फर्निचरसाठी कर्जाऊ घेतले आणि सुताराला दिले. सुताराने ते आपल्या बँकेत भरले. ती बँकही 21 टक्के, म्हणजे 16,590 रुपये बाजूला काढून 62,410 रुपये तिसऱ्या कोणाला कर्ज देईल आणि तेही कोठल्या तरी खात्यात जाऊन पडतील. आता तीन खात्यांतील आकड्यांची बेरीज करू: 1,00,000, 79,000 आणि 62,410 मिळून 2,41,410 रुपये. मूळ रोकड मात्र एक लाखच आहे. गृहिणीच्या पासबुकात तिचे पूर्ण लाख रुपये आहेत, सुताराच्या पासबुकात त्याचे पूर्ण 79,000 आहेत, आणि दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. ही साखळी शेवटपर्यंत ताणली तर एका लाखावर सुमारे 4 लाख 76 हजारांच्या ठेवी उभ्या राहतात.

पाठ्यपुस्तकातील ही साखळी समजण्यास सोपी आहे, पण व्यवहारात क्रम बहुधा उलटा असतो. कर्ज मंजूर करताना बँक कोणाच्या ठेवीतून नोटा मोजून काढत नाही. ती कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा दाखवते आणि त्याच क्षणी तेवढेच कर्ज त्याच्या नावे टाकते. म्हणजे कर्जातूनच नवी ठेव जन्मते. राखीव निधीची गरज त्यानंतर पडते, जेव्हा कर्जदार ती रक्कम दुसऱ्या बँकेतील खात्याकडे वळवतो आणि दोन बँकांमधील हिशेब चुकता करावा लागतो. म्हणून बँकेच्या कर्जवाटपाला खरा लगाम सीआरआरपेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टी घालतात: परतफेड करू शकणारे कर्जदार मिळणे आणि कर्ज बुडाल्यास तोटा सोसण्याइतके भागधारकांचे भांडवल बँकेकडे असणे.

बरीचशी देणी मागताच द्यायची आणि येणी मात्र पाच, दहा, वीस वर्षांनी वसूल व्हायची, अशी ही रचना आहे. ती चालते, कारण सर्व ठेवीदार एकाच दिवशी येत नाहीत. एकाचा पगार जमा होतो त्या दिवशी दुसरा शाळेची फी भरतो. काढलेले पैसे बहुधा दुसऱ्या कोणाच्या खात्यात परत येतात. पण सगळेच एकदम आले तर? येथे दोन अगदी भिन्न आजार एकसारखे दिसतात आणि त्यांतील भेद ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

पहिला आजार रोखतेचा. एप्रिल 2003 मध्ये गुजरातमध्ये आयसीआयसीआय बँकेविषयी अफवा पसरली आणि एटीएमपुढे रांगा लागल्या. बँकेची कर्जे ठीक होती, कमतरता होती ती हातातील नोटांची. रिझर्व्ह बँकेने बँकेजवळ पुरेशी रोखता असल्याचे जाहीर केले, रोकड पोहोचती झाली आणि काही दिवसांत रांगा ओसरल्या. असे संकट निभावते, कारण सुस्थितीतील बँकेला आपले सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलता येतात.

दुसरा आजार दिवाळखोरीचा. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. 11 हजार कोटींहून अधिक ठेवी असलेल्या या बँकेतून प्रत्येक खातेदाराला सुरुवातीस सहा महिन्यांत केवळ 1,000 रुपये काढता येणार होते. पुढे ही मर्यादा वाढत जून 2020 मध्ये एक लाखावर गेली. बँकेच्या कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच गृहबांधणी उद्योगसमूहाकडे गुंतली होती आणि ती वसूल होत नसल्याचे हजारो बनावट खात्यांच्या आड लपवले गेले होते. ताळेबंदाच्या देणे बाजूला ठेवीदार पूर्णपणे खरे होते. येणे बाजू पोकळ होती. येथे रोकड पाठवून उपयोग नव्हता. सीआरआर तीन टक्के असो की दहा, अशा भगदाडापुढे तो अपुराच.

प्रकाशित अहवालांत थकीत कर्जांचे प्रमाण पाहणे योग्यच, पण जेथे आकडेच खोटे असतील तेथे त्या पाहण्याला मर्यादा आहे. म्हणून ठेव विम्याचे नियम माहीत असणे अधिक उपयोगाचे. फेब्रुवारी 2020 मध्ये विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. ती मुद्दल व व्याज धरून आहे, आणि एकाच बँकेच्या सर्व शाखांतील त्याच व्यक्तीच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. तीन शाखांत तीन मुदत ठेवी केल्याने विमा तिप्पट होत नाही. वेगळ्या बँकेतील ठेवीला मात्र स्वतंत्र संरक्षण मिळते. 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत ही रक्कम देणे महामंडळावर बंधनकारक झाले.

जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून देण्याची तरतूद झाली, त्यावरील रक्कम व्यक्तिगत ठेवीदारांना हप्त्याहप्त्याने, आणि शेवटचा शिल्लक भाग तर दहा वर्षांनी मिळणार असे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांची गत अधिक कठीण झाली. त्यांच्या विम्याबाहेरील रकमेपैकी 80 टक्के भाग अग्रहक्क समभागांत परिवर्तित झाला, म्हणजे काल जे बँकेचे धनको होते ते आज तिचे भागधारक झाले. आपल्या ट्रस्टचा, वसतिगृहाचा वा मंडळाचा राखीव निधी एकाच सहकारी बँकेत ठेवणाऱ्या विश्वस्तांनी हा तपशील पुढच्या बैठकीत वाचून दाखवावा.