आधी कागदावर कापा

आठ बाय चारच्या प्लायवूडच्या शीटमधून फूटभर रुंदीच्या चार पट्ट्या निघतील असं वाटतं, पण त्या निघत नाहीत. शीट असते 2440 बाय 1220 मिमी. करवतीचं पातं दर कापाला तीनचार मिमी लाकूड खातं आणि कारखान्यातून आलेल्या कडाही छाटाव्या लागतात. म्हणून पुस्तकांच्या कपाटाची खोली 295 मिमी धरावी. चार पट्ट्यांचे 1180 आणि पाच कापांचे 20 मिळून 1200 होतात. उरलेले 20 मिमी छाटणीला पुरतात.

आता 880 मिमी उंच, 800 मिमी रुंद अशी दोन सुटी कपाटं करायची आहेत. प्रत्येकाला दोन बाजू आणि चार आडव्या फळ्या लागतील. फळ्या बाजूंच्या मध्ये बसतात, म्हणून 18 मिमी प्लायसाठी त्यांची लांबी 764. सगळ्या बाजू आधी एकत्र कापल्या, तर एका पट्टीत दोनच बसतात आणि 680 मिमीचा तुकडा वाया जातो. मग दोन फळ्यांसाठी दुसरी शीट आणावी लागते. त्याऐवजी प्रत्येक पट्टीतून एक बाजू आणि दोन फळ्या काढा. 880 अधिक दोनदा 764, म्हणजे 2408. चार कापांचे 16 धरले तरी 2424 होतात. चार पट्ट्यांत बारा तुकडे, दोन्ही कपाटं एकाच शीटमध्ये! लाकडाच्या रेषाही आपोआप बाजूंवर उभ्या आणि फळ्यांवर आडव्या येतात. पाठीचा पातळ प्लाय मात्र वेगळा घ्यावा लागतो. कपाट काटकोनात राहतं ते त्याच्यामुळेच, त्यामुळे तो टाळू नये.

जोडणीत कॅम लॉक आणि डॉवेल यांची कामं वेगळी आहेत. बाजूत फिरवलेल्या बोल्टचं डोकं फळीतला कॅम पकडतो आणि फळी बाजूकडे ओढतो. 8 मिमीची लाकडी खुंटी, म्हणजे डॉवेल, फळीला जागेवर ठेवते आणि पुस्तकांचा भार झेलते. 30 मिमीच्या खुंटीसाठी बाजूत 12 आणि फळीच्या कडेत 20 मिमी खोल भोक पाडावं. ते दोन मिमी जास्तीचे आहेत, कारण खुंटी तळाला टेकली तर सांधा मिटत नाही.

कॅमचं 15 मिमीचं भोक फळीच्या टोकापासून किती आत घ्यायचं, हे बोल्टवर ठरतं. बऱ्याच बोल्टना 34 मिमी लागतात, काहींना 24. त्यामुळे बोल्ट हातात आल्याशिवाय भोक पाडू नये. कॅम सैल फिरत राहिला, तर अंतर चुकलं असं समजावं. स्वस्त प्लायमध्ये आत पोकळ्या असतात. त्यांवर भोक आलं तर कॅमची जागाच ढासळते.

आणि 18 मिमी लिहिलेला प्लाय बऱ्याचदा साडेसतराच भरतो. मग फळी 765 मिमीची लागते, आणि भोकांची मध्यरेषा 9 ऐवजी पावणेनऊ मिमीवर येते. तेव्हा शीट दुकानातून आणून जाडी मोजावी, मगच यादीतले आकडे पक्के करावेत.